मसुदा सहकाऱ्याकडे तपासायला देताना ‘नेमकं काय बघायचं’ ते कसं सांगावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबाजोगाईजवळ पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत अहवाल लिहितो. गावांचे पाण्याचे ताळेबंद, कामांचे आराखडे, वर्षाचे अहवाल असं सगळं माझ्याकडे येतं. नवीन मुलं कामावर रुजू झाली की मसुदा तपासून घेण्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकाच मसुद्याचं घेतलं आहे: केज तालुक्यातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद, ३८ पानांचा.

“सर, एकदा नजरेखालून घाला” एवढं म्हटलं तर काय बिघडतं?

त्या ३८ पानांच्या मसुद्याबरोबर पहिल्यांदा मी हेच लिहिलं होतं. तांत्रिक बाजू बघणारे आमचे सर मनापासून वाचणारे आहेत. चौथ्या दिवशी मसुदा परत आला. पहिल्या नऊ पानांवर ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, गावाच्या इतिहासाच्या परिच्छेदात दोन वाक्यं बदललेली, दहाव्या पानापासून खुणा विरळ होत गेलेल्या. अपधावेचा, म्हणजे पावसाचं किती पाणी वाहून जातं त्याचा हिशेब बाविसाव्या पानावर होता आणि त्यावर एकही खूण नव्हती.

त्यात सरांचा दोष नव्हता. मोघम विनंती आली की माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि जे पटकन डोळ्यात खुपतं ते दुरुस्त करतो. शुद्धलेखन लगेच दिसतं. आकडा चुकलाय हे कळायला मात्र थांबून वही काढावी लागते. बाविसाव्या पानापर्यंत पोहोचताना तेवढी ताकद उरलेली नसते. आणि मला तर सर त्याच पानासाठी हवे होते, कारण शुद्धलेखन बघायला ऑफिसात दुसरं माणूस होतंच.

कोणते भाग तपासायला द्यायचे ते ठरवायचं कसं?

मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: यातला कुठला आकडा किंवा कुठलं वाक्य चुकलं तर गावानं घ्यायचा निर्णयच बदलेल?

आमच्या गावाचं क्षेत्र ९०० हेक्टर आणि हिशेबात धरलेला पाऊस ६५० मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर पाणी होतं. म्हणजे गावाच्या शिवारात पडलेलं एकूण पाणी ५८ लाख ५० हजार घनमीटर, आपल्या भाषेत ५,८५० टीसीएम, कारण एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. हा गुणाकार कुणीही करून बघू शकतं, त्यासाठी सरांचा वेळ घ्यायची गरज नाही. पण यातलं किती पाणी वाहून जातं हे मात्र मी धरलेलं असतं. मी दहा टक्के धरलं आणि खरं पंधरा निघालं, तर २९२ टीसीएमचा फरक पडतो. मसुद्यात हे सगळं एका ओळीत बसलेलं होतं: “अपधाव १० टक्के गृहीत धरली आहे.” अख्ख्या अहवालातली सगळ्यात महागडी ओळ तीच. ती नाव घेऊन दाखवायला हवी होती, कारण वाचताना ती इतर ओळींसारखीच साधी दिसते.

म्हणून जिथे तुम्ही काहीतरी *धरलं* आहे, दुसऱ्याकडून *ऐकून घेतलं* आहे, किंवा लिहिताना हात जरा अडखळला आहे, ते भाग आधी वेगळे काढा. हात कुठे अडखळला हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. फक्त ते दुसऱ्याला सांगायला जीव धजत नाही.

भाग दाखवताना पान नंबर द्यायचा की शीर्षक?

शीर्षक आणि त्याचा क्रमांक द्या, पान नंबर फक्त सोबतीला. वर्डच्या फाइलमध्ये पानं कुठे तुटतील हे समोरच्याच्या मशीनवर अवलंबून असतं. माझ्याकडचा मराठी फॉन्ट सरांच्या लॅपटॉपवर नसला की दुसरा फॉन्ट लागतो, ओळी लांबतात आणि माझं बाविसावं पान त्यांच्याकडे चोविसावं होतं. मोबाइलवर उघडलं तर पान हा प्रकारच राहत नाही. “भाग ४.२, ‘अपधावेचा अंदाज’, दुसरा परिच्छेद” असं लिहिलं की कुठेही उघडा, सापडतं.

त्यासाठी शीर्षकांना क्रमांक असायला हवेत. ठळक केलेली ओळ म्हणजे शीर्षक नव्हे. वर्डमध्ये `Heading 1`, `Heading 2` या स्टाइल लावल्या की `View` मधून `Navigation Pane` उघडून एका टिचकीत त्या भागावर जाता येतं. तक्त्यांनाही क्रमांक आणि नाव द्या. “तो खालचा मोठा तक्ता” म्हणून पाठवलेला निरोप मी स्वतः पाहिला आहे. फाइलमध्ये तसे चार होते.

मसुदा कागदावर द्यायचा असेल तर `Layout` मध्ये `Line Numbers` खाली `Restart Each Page` निवडून प्रिंट काढा. मग “पान २२, ओळ १४” म्हटलं की पुरे, कारण कागदावरचं पान हलत नाही.

भाग सांगितला, आता आणखी काय सांगायचं?

त्या भागात तुम्हाला काय शंका आहे ते. “भाग ४.२ बघा” ही अर्धीच विनंती झाली. मी ‘गुणांक बरोबर आहे का’ विचारतोय, ‘भाषा गावाला कळेल का’ विचारतोय, की ‘हा भाग ठेवावा का काढावा’ विचारतोय? तीन प्रश्नांसाठी तीन वेगळ्या तऱ्हेनं वाचावं लागतं.

दुसऱ्या खेपेला मी सरांना पाठवलेली मेल साधारण अशी होती:

> सर, नमस्कार. केजच्या गावाचा ताळेबंद पाठवतोय, मसुदा ३. आपल्याकडून दोनच ठिकाणी बघून हवं आहे.
>
> एक: भाग ४.२ ‘अपधावेचा अंदाज’, दुसरा परिच्छेद. मी सगळ्या शिवाराला एकच दहा टक्के धरले आहेत. उत्तरेला मुरमाड उतार आहे, ओढ्याच्या कडेला भारी काळी. दोन्हीकडे वेगळा टक्का धरावा असं आपल्याला वाटतं का? हा आकडा बदलला तर भाग ६ मधली शिफारस बदलते, म्हणून विचारतोय.
>
> दोन: तक्ता ७ ‘पीकनिहाय पाण्याची गरज’, उसाची ओळ. सूत्र बरोबर लागलंय का एवढंच.
>
> प्रकरण १ ते ३ झाली आहेत, शुद्धलेखन ताई बघत आहेत, त्यात आपण वेळ घालवू नये. साधारण तासाभराचं काम आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत मिळालं तर मंगळवारी प्रिंटला देता येईल. यापलीकडे काही खटकलं तर तेही जरूर सांगा.

सरांचा त्याच रात्री फोन आला. मुरमाड उताराला वेगळा टक्का लावला आणि भाग ४.२ बदलला. एका वाक्यातल्या कारणानं, म्हणजे ‘हा आकडा बदलला तर शिफारस बदलते’ यानं, ते काम झालं असं मी मानतो. कशासाठी विचारतोय हे कळलं की वाचणारा तो आकडा हलवून बघतो, नुसता वाचून पुढे जात नाही.

नाव घेऊन दिलेला भाग बरोबर निघाला, तरी अहवालात चूक राहिली. असं होतं का?

होतं, आणि वरच्याच मेलमध्ये ते झालं. ते जरा नीट सांगतो.

मी सरांना तक्ता ७ मधली उसाची ओळ दाखवली होती. सूत्र बरोबर होतं, सरांनी तसं कळवलंही. पण त्या ओळीतलं क्षेत्र परिशिष्ट ‘ख’ मधून येत होतं, आणि परिशिष्टाचं नाव मी घेतलंच नव्हतं. घरोघरच्या नोंदींची ती यादी. तीन ओळी अशा होत्या: २.३०, १.२५, ३.३५. वर रकान्याचं नाव ‘एकर’, खाली बेरीज ६.९०.

मंगळवारी सकाळी प्रिंट निघण्याआधी गावातला आमचा पाणलोट सेवक सह्या घ्यायला आला होता. यादीवर बोट ठेवून म्हणाला, “दादा, हे दोन पूर्णांक तीस काय लिहिलंय? माझ्या चुलत्याचा ऊस पावणेतीन एकर आहे की.”

शेतकऱ्यानं सांगितलं होतं ‘दोन एकर तीस गुंठे’. नोंद घेणाऱ्या मुलानं एक्सेलमध्ये लिहिलं २.३०. पण एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे तीस गुंठे हे पाऊण एकर. एक्सेलला ते ठाऊक नाही, त्यानं दशांश समजून बेरीज मारली. खरी बेरीज सहा एकर नव्वद गुंठे, म्हणजे आठ एकर दहा गुंठे, ८.२५ एकर. आमच्या यादीत ६.९०. तीन ओळींत १.३५ एकर ऊस गायब.

उसाला पूर्ण हंगामात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. मधला २,००० धरला तर हेक्टरी २०,००० घनमीटर. १.३५ एकर म्हणजे सुमारे ०.५५ हेक्टर. तेवढ्याला जवळपास १०,९०० घनमीटर पाणी लागेल, दहा हजार लिटरचे हजारावर टँकर. यादीत अशा ओळी तीनच नव्हत्या.

सरांना ते दिसलं नाही, कारण ते रोज सातबारा हाताळतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं आणि हेक्टरचे आर शंभर, म्हणून तिथे २.३० हे खरोखरच दशांशासारखं वाचता येतं. त्यांच्या नजरेला त्यात वावगं काहीच नव्हतं. आणि मी तर त्यांना सूत्रच बघायला सांगितलं होतं.

तेव्हापासून मी कुठलाही तक्ता दाखवताना तो जिथून आला ती जागाही त्याच ओळीत लिहितो: “तक्ता ७, उसाची ओळ, आणि ती ज्यावरून आली ते परिशिष्ट ‘ख’. एकर-गुंठे नीट वेगळे लिहिलेत का?” यादीत आता एकर आणि गुंठे असे दोन रकाने असतात आणि बेरीज अशी:

```
=SUM(B2:B4)+SUM(C2:C4)/40
```

`B` मध्ये एकर, `C` मध्ये गुंठे. वरच्या तीन ओळींना हे लावलं की ८.२५ येतं.

यादीत ही चूक आहे का हे ओळखायची सोपी खूण: दशांशानंतरचे आकडे कधीच ३९ च्या पुढे जात नसतील, तर ते गुंठे आहेत हे समजा.

मग तो प्रश्न सरांना विचारायचाच नव्हता का?

बरोबर. परिशिष्ट ‘ख’ त्या सेवकाला दाखवायचं होतं. गावात कुणाचा ऊस किती हे त्याला तोंडपाठ आहे. अपधावेचा प्रश्न अभियंत्याचा, क्षेत्राचा प्रश्न गावातल्या माणसाचा, अंदाजपत्रकातला दर चालू दरसूचीतला आहे का हा लेखा बघणाऱ्या ताईंचा. एकच मसुदा तिघांना जावा, पण प्रत्येकाला त्याचे भाग वेगळे आणि प्रश्न वेगळे. तिघांना एकच मेल पाठवली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

एकावेळी किती भाग द्यावेत?

दोन किंवा तीन. सहा दिले की पुन्हा ‘सगळं बघा’ म्हटल्यासारखंच होतं. खरोखरच सहा ठिकाणी शंका असेल तर मसुदा अजून तपासायला द्यायच्या अवस्थेत आलेला नाही, आधी समोर बसून बोला.

वरिष्ठांना ‘एवढंच बघा’ सांगणं उद्धटपणाचं वाटत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि भीती खोटी नाही. आपल्याकडे वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसाला काम वाटून दिल्यासारखं बोलता येत नाही, बोलूही नये. “भाग ४.२ तपासून द्यावा” हे वाक्य कार्यालयीन आदेशासारखं वाटतं. तीच गोष्ट “भाग ४.२ मध्ये माझी अडचण झाली आहे, तिथे आपलं मत हवं होतं” अशी म्हटली की मान राहतो आणि जागाही नेमकी कळते. आज्ञा द्यायची नाही, आपली अडचण सांगायची. अडचण सांगायला आलेल्या माणसावर मोठी माणसं रागवत नाहीत, हे मी अकरा वर्षांत पाहिलं आहे. ‘कधीही, सवडीनं बघा’ म्हणून मोघम टाकलेला गठ्ठा मात्र टेबलावर पडून राहतो.

समवयस्क असेल तर सरळ सांगा: “भाऊ, फक्त तक्ता ७ आणि परिशिष्ट ‘ख’. बाकी राहू दे.”

‘काय बघू नका’ हेही लिहायचं?

लिहाच, कारणासह. “प्रकरण १ ते ३ झाली आहेत” किंवा “शुद्धलेखन शेवटी होणार आहे” एवढं पुरतं. कारण नसेल तर तुम्ही काहीतरी लपवताय असं वाटू शकतं. आणि खाली ‘यापलीकडे काही खटकलं तर सांगा’ ही ओळ ठेवा. नेमके भाग दिले की वाचणाऱ्याची नजर तिथेच बांधली जाते, बाकीच्या जागी चूक दिसली तरी ‘ते मला विचारलेलं नाही’ म्हणून तो गप्प बसतो. ही ओळ त्याला बोलायची मोकळीक देते. तिच्यावर विसंबून मात्र राहू नका. परिशिष्ट ‘ख’ च्या वेळी ती मेलमध्ये होतीच.

मुदत कशी सांगावी?

दिवस, वेळ आणि पुढे काय व्हायचंय ते. “लवकरात लवकर” म्हणजे कधीच नाही. समोरच्याचं कॅलेंडरही बघा. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची गडबड असते. सोयाबीनच्या काढणीत गावातल्या माणसाकडून दोन दिवसांत उत्तर मागू नये, त्याला परिशिष्टाच्या दोन पानांचा प्रिंट नेऊन द्यावा आणि बांधावर उभं राहून विचारावं.

सगळं व्हॉट्सअॅपवरच चालतं. तिथे कसं करायचं?

३८ पानांची फाइल टाकून “पान २२ बघा” म्हणू नका. विचारायचा आहे तेवढ्याच भागाची वेगळी पीडीएफ करा, मोबाइलवर ती कुणीही वाचतं. तक्ता असेल तर त्याचा फोटो आणि त्यात शंकेच्या ओळीला लाल गोल. प्रश्न फोटोच्या खालीच लिहा. वेगळा मेसेज केला तर मध्ये चार ‘शुभ सकाळ’ येतात आणि प्रश्न वर निघून जातो. ग्रुपवर टाकू नका. उत्तर आलं की ते त्याच दिवशी मुख्य फाइलमध्ये कॉमेंट म्हणून उतरवून ठेवा, कुणी आणि कधी सांगितलं त्यासह.

गुगल डॉक्समध्ये काम असेल तर त्या ओळीवरच कॉमेंट टाकून `@` नंतर समोरच्याचा मेल पत्ता लिहा आणि `Assign` ची खूण करा. त्याला मेल जाते आणि दुवा थेट त्या ओळीवर उघडतो.

तपासणी चालू असताना मीच मजकूर बदलला तर?

बदलू नका. बदलावाच लागला तर कळवा. मसुदा ३ वाचणाऱ्याला मधेच मसुदा ४ मिळाला आणि भाग ४.२ चा ४.३ झाला, की त्याच्या सगळ्या सूचना भलत्याच जागी लागतात. फाइलच्या नावात मसुद्याचा क्रमांक ठेवा. गुगल डॉक्समध्ये पाठवायच्या आधी `File`, मग `Version history`, मग `Name current version` असं करून त्या क्षणाला नाव द्या. वर्डमध्ये दोन मसुद्यांतला फरक `Review` मधल्या `Compare` नं दिसतो.

सूचना आली पण पटली नाही, तर?

का पटली नाही ते त्याच कॉमेंटखाली दोन ओळींत लिहा. नुसती पुसून टाकू नका. ज्यानं तासभर दिला त्याला पुढच्या मसुद्यात आपली सूचना कुठेच दिसली नाही, तर पुढच्या वेळी तो ‘ठीक आहे’ एवढंच लिहील. आमच्या सरांनी काळ्या जमिनीचाही टक्का बदलायला सांगितला होता. त्या ओढ्यावर आमच्या दोन पावसाळ्यांच्या मोजणीच्या नोंदी होत्या, त्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि जुना टक्का राहिला. त्यांनी स्वतःच खाली लिहिलं: “नोंदी पाहिल्या, मान्य.”

मलाच कुणी ‘जरा बघा’ म्हणून फाइल टाकली, तर?

उघडण्याआधी विचारा: “यात तुझी शंका कुठे आहे?” बहुतेक वेळा समोरून लगेच उत्तर येतं, “तसं सगळं ठीक आहे, पण तो तक्ता पाचचा शेवटचा रकाना…” तिथूनच वाचायला सुरुवात करा.